तळं हिरवं झालं आणि पहाटे मासे मेले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरजवळ हातोद, देपालपूर, सांवेर या बाजूला आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या जमिनी आहेत. कुणी बलराम तालाब खोदला, कुणी जुनी खदान भरून घेतली आणि त्यात रोहू-कटला सोडले. गौरी-गणपतीच्या सुमारास मला त्या बाजूने फोन सुरू होतात: "काका, काल संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं, सकाळी पाहिलं तर पांढरी पोटं वर." विचारले जाणारे प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. उजळणी टाळण्यासाठी जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पाणी हिरवं होतं म्हणजे नेमकं काय होतं? शेवाळ आणि काई एकच का?

इंदुरात आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण शेवाळ दोन प्रकारचं असतं. दगडाला चिकटणारं, हाताला तंतू लागणारं शेवाळ वेगळं. मासे मारणारं शेवाळ बहुतेक वेळा डोळ्यांना सुटं दिसतच नाही. ते पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म पेशींचं असतं आणि त्यामुळे सगळं पाणीच मूगडाळीच्या सालासारखं हिरवं दिसतं. या पेशी अचानक बेसुमार वाढल्या की त्याला शेवाळाचा बहर म्हणतात. थोडं हिरवं पाणी वाईट नाही, माशांचं खाणं त्यातूनच तयार होतं. गोंधळ सुरू होतो तो हिरवेपणा दाट झाल्यावर.

२. शेतातल्या खताचा याच्याशी काय संबंध?

तळ्यातल्या शेवाळाला ऊन, पाणी, कर्बवायू सगळं मिळत असतं. वाढ अडते ती बहुधा फॉस्फरसपाशी, कधी नत्रापाशी. डीएपी, सुपर फॉस्फेट आणि युरियातून आपण नेमकं तेच पुरवतो. माळव्यात सोयाबीनची पेरणी जूनअखेर-जुलैत होते. खत तेव्हाच पडतं आणि त्याच आठवड्यांत मोठे पाऊसही पडतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पण एकदा भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पाणी आत मुरायचं जवळजवळ थांबतं. मग ते बांधावरून वाहतं. युरिया पाण्यात विरघळून जातो. फॉस्फरसचा मोठा भाग मातीच्या कणांना चिकटून गाळाबरोबर येतो. म्हणूनच पावसाळ्यात तळं आधी चहासारखं गढूळ होतं आणि गाळ बसून ऊन आत शिरू लागलं की भाद्रपद-आश्विनात हिरवं होतं.

३. माझ्या शेतातून फार तर मूठभर खत वाहून जात असेल. तेवढ्याने काय होणार?

हिशेब करून पाहू. एक एकराचं, सरासरी दीड मीटर खोल तळं धरा. त्यात साधारण ६० लाख लिटर पाणी मावतं. लिटरमागे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असेल, म्हणजे तळ्याची तब्येत उत्तम असेल, तर सगळ्या पाण्यात मिळून ऑक्सिजन होतो ४८ किलो. एवढीच शिल्लक.

आता खताकडे या. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो फॉस्फेट असतं, म्हणजे शुद्ध फॉस्फरस १० किलो. एक ग्रॅम फॉस्फरसवर जेवढं शेवाळ वाढू शकतं, ते सगळं मरून कुजायला सुमारे १४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. ४८ किलोला १४० ने भागलं की येतात साधारण ३४० ग्रॅम फॉस्फरस, आणि तेवढा फॉस्फरस पावणेदोन किलो डीएपीत असतो. एका गोणीचा पंचविसावा भागसुद्धा नाही!

प्रत्यक्षात सगळा फॉस्फरस शेवाळाला लागत नाही, सगळं शेवाळ एकाच दिवशी कुजत नाही आणि हवेतून थोडा ऑक्सिजन येत राहतो. म्हणून पावणेदोन किलोत तळं मरेलच असं नाही. पण दहा एकरांचं पाणी एका तळ्यात उतरत असेल तर "मूठभर" हा शब्द इथे चालत नाही.

४. शेवाळ तर ऑक्सिजन सोडतं, असं शाळेत शिकलो. मग त्याच्यामुळे मासे गुदमरतात कसे?

शाळेत शिकवलं ते खरं, पण दिवसाचं. उन्हात शेवाळ ऑक्सिजन तयार करतं. श्वास मात्र ते चोवीस तास घेतं, तुमच्या-माझ्यासारखाच. सूर्य मावळला की उत्पादन बंद होतं आणि खर्च चालू राहतो. पाणी जितकं दाट हिरवं, तितका रात्रीचा खर्च मोठा.

किती मोठा? दाट बहरात पाण्यातला ऑक्सिजन तासाला लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम घटणं काही विशेष नाही. वरच्याच एकरभर तळ्यात हा खर्च तासाला ३ किलो होतो, आणि अकरा तासांच्या रात्रीत ३३ किलो. त्याच तळ्यात एक टन मासे असले तर ते सगळे मिळून तासाला तीनशे ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन वापरतात, रात्रभरात तीन-साडेतीन किलो. म्हणजे जेवढा मासे खातात त्याच्या नऊ-दहा पट शेवाळ आणि जिवाणू खातात. "मासे जास्त झाले होते का हो?" असं लोक हमखास विचारतात. कधी झालेलेही असतात, पण घर बहुधा दुसऱ्यानेच रिकामं केलेलं असतं.

हवा शेजारी असून उपयोग होत नाही, कारण ऑक्सिजन पाण्यात फार हळू शिरतो आणि मावतोही थोडा. एक लिटर हवेत तो सुमारे २८० मिलिग्रॅम असतो, तर ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात जेमतेम साडेसात. वारा पडलेल्या रात्री पाण्याचा पृष्ठभाग झाकणासारखा वागतो.

५. माझा ऑक्सिजन मीटर दुपारी लिटरमागे १५ मिलिग्रॅम दाखवतो. एवढा साठा रात्री जातो कुठे?

मीटरची कांडी तुम्ही किती खोल बुडवलीत? दाट हिरव्या पाण्यात ऊन वरच्या हातभर थरातच संपतं, म्हणून १५ चा आकडा फक्त त्याच थराचा असतो. त्याखाली अंधार असतो, आणि तळाशी आकडा २ किंवा शून्यही निघतो. दुपारी वरचं पाणी तापून हलकं झालेलं असतं, त्यामुळे दोन्ही थर मिसळतही नाहीत. शिवाय पाण्याच्या कुवतीपेक्षा जास्त झालेला ऑक्सिजन बुडबुड्यांनी हवेत निघून जातो. दुपारचा मोठा आकडा पाहून खूश होऊ नका. तो श्रीमंतीचा नाही, बहर किती दाट आहे त्याचा पुरावा आहे.

६. ढगाळ दिवसानंतर किंवा पहिल्या पावसानंतरच मासे का मरतात?

दोन वेगळी कारणं आहेत आणि कधीकधी ती एकाच रात्री गाठतात.

ढगाळ दिवशी शेवाळाची कमाई कमी होते, पण रात्रीचा खर्च तसाच राहतो. असे दोन-तीन दिवस लागून आले, वाराही पडलेला असला, की रात्रीची सुरुवातच कमी शिलकीने होते.

दुसरं कारण उलथण्याचं. उन्हाळाभर तळाशी साचलेल्या थरात ऑक्सिजन नसतो, कुजका गाळ आणि सडक्या अंड्यासारखा वास असतो. जोराची सर आली की वरचं पाणी थंड होऊन खाली जातं आणि तळचं वर येतं. दोन्ही मिसळल्यावर सरासरी इतकी खाली जाते की दिवसाढवळ्याही मासे तोंड वर काढतात. म्हणून "मासे पहाटेच मरतात" हा नियम अशा दिवशी लागू होत नाही.

७. आज रात्री धोका आहे का, हे संध्याकाळीच कळू शकतं का?

कळतं, आणि सगळ्यांत उपयोगाची गोष्ट हीच आहे. रात्री ऑक्सिजन बऱ्यापैकी सरळ रेषेत उतरतो. अंधार पडल्यावर एकदा मोजा, तीन तासांनी पुन्हा त्याच जागी, त्याच खोलीवर मोजा, आणि तोच उतार सूर्योदयापर्यंत वाढवा.

हातोदजवळच्या एका स्नेह्यांच्या तळ्यावर सप्टेंबरच्या शेवटी आम्ही मोजलं ते सांगतो. तळं एकराच्या आसपास, दोन दिवस आभाळ, वारा नाही. मीटरभर खोलीवर संध्याकाळी सातला आकडा होता ९.६. स्नेही म्हणाले, "चला, जेवायला." दहाला तो निघाला ७.२. तीन तासांत २.४ गेले, म्हणजे तासाला ०.८. सकाळच्या सहापर्यंत अजून आठ तास, म्हणजे आणखी ६.४ जाणार आणि उरणार ०.८. कटला-रोहू ३ च्या खाली अस्वस्थ होतात आणि १ च्या आसपास मरू लागतात. दहाचा ७.२ हा आकडा एकटा पाहिला असता तर आम्ही निश्चिंत झोपलो असतो.

अकराला डिझेल पंप लावला (तो कसा लावायचा, ते प्रश्न १० मध्ये). साडेपाचला तळ्याच्या मध्यावर १.१ आणि पंपाजवळ २.६ होते. तीसेक मोठे कटला गेले. बाकीचे पंपाच्या धारेखाली दाटीवाटीने उभे होते, ते वाचले. त्याच आठवड्यात त्यांच्या भावाच्या कमी हिरव्या तळ्यात सातला ८ आणि दहाला ७.१ होते. तासाला ०.३ ने सकाळी ४.७ उरणार होते, तिथे कुणालाच जागायची गरज नव्हती.

एक मर्यादा लक्षात ठेवा. आकडा खूप खाली गेला की उतार थोडा मंदावतो, कारण श्वास घेणाऱ्यांनाच ऑक्सिजन मिळेनासा होतो आणि हवेतून आत येणारा वाढतो. म्हणजे हा अंदाज जरा भित्रा आहे. मला तो तसाच बरा वाटतो. मध्यरात्री पाऊस येऊन पाणी उलथलं तर मात्र तो पार चुकतो.

८. मीटर नाही. नुसत्या डोळ्यांनी काय पाहू?

स्टीलची पांढरट ताटली दोरीला बांधून, सूर्य डोक्यावर असताना पाण्यात सोडा. ती ३० सेंटीमीटरच्या आत दिसेनाशी झाली तर सावध व्हा, २० च्या आत दिसेनाशी झाली तर रात्री जागं राहा. ताटली नसेल तर हात कोपरापर्यंत बुडवा आणि तळहात दिसतो का पाहा. पाणी मातीने गढूळ असेल तर ही परीक्षा फसते. तेव्हा काचेच्या ग्लासात पाणी घेऊन तासभर ठेवा. माती खाली बसते, शेवाळाचा हिरवेपणा टिकतो.

९. मासे ऑक्सिजनअभावी मेले की कुणी औषध टाकलं, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न बहुधा शेजाऱ्याच्या बांधाकडे बघत विचारला जातो, म्हणून सावकाश उत्तर देतो.

ऑक्सिजन संपल्याने मेले असतील तर मृत्यू बहुतेक पहाटेचे असतात (अपवाद प्रश्न ६ मध्ये). मोठे मासे आधी जातात आणि बोटभर पिल्लं उरतात. त्याआधी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा गिळताना दिसतात, पाणी आत येतं त्या तोंडाशी गोळा होतात. मेलेल्यांची तोंडं उघडी आणि कल्ले फाकलेले असतात. सिल्व्हर कार्प लवकर जातो. मागूर, सिंघी, मरळ हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे ते जिवंत सापडतात.

कीटकनाशकात असा भेद राहत नाही. लहान मासे बहुधा आधी जातात, मागूरही जातो, पाण्यातले किडे आणि बेडूक मरतात, आणि वेळ दुपारची असली तरी चालते. मासे गोल फिरतात, झटके देतात. पाण्यातले किडे मजेत पळत असतील तर शेजाऱ्याला फोन करू नका. तरीही शंका असेल तर मेलेल्या नव्हे, मरू घातलेल्या माशांचा आणि पाण्याचा नमुना लगेच बर्फात ठेवा. दुपारपर्यंत थांबलात तर ऊन पडून ऑक्सिजन पुन्हा वर गेलेला असतो आणि पहाटेचा पुरावा नाहीसा होतो.

१०. रात्रीचे दोन वाजलेत, मासे वर तोंड काढतायत. आत्ता काय करू?

एरिएटर असेल तर चालू करा. नसेल तर सिंचनाचा पंप काठाशी लावा, पाणी वरच्या थरातूनच उचला आणि पाइपचं तोंड वर करून ते फळीवर किंवा पत्र्यावर आपटत परत तळ्यात पडू द्या. पाणी जितकं फुटेल तितका ऑक्सिजन मिळेल. पंपाचा फूट-व्हॉल्व्ह तळाशी सोडू नका, नाहीतर तळचं विनाऑक्सिजनचं पाणी आणि गाळ उपसून माशांच्या अंगावर घालाल. पाच अश्वशक्तीचा पंप सगळं तळं सुधारू शकत नाही, तो फक्त एक कोपरा राखतो. मासे तो कोपरा स्वतः शोधतात. म्हणून पंप सारखा हलवू नका आणि सूर्य चांगला वर येईपर्यंत, म्हणजे आठ-साडेआठपर्यंत, बंद करू नका.

खाद्य आणि शेण दोन्ही थांबवा. बाजारात ऑक्सिजनच्या गोळ्या आणि पावडर मिळतात. ती खोटी नाही, पण हिशेब पाहा: एकराच्या तळ्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम वाढवायला ६ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे चांगल्या प्रतीची पावडरही ४५ किलोच्या आसपास. घरात दोन किलोचा डबा असेल तर तो पंपाच्या कोपऱ्यात वापरा. लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, ऑक्सिजन देतं हा गैरसमज आहे. ते शेवाळ मारतं, आणि पुढे काय होतं ते प्रश्न १२ मध्ये.

११. बोअरचं ताजं पाणी सोडलं तर?

ताजं आणि गार, पण खोल बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन बहुतेक नसतोच. ते पाइपने थेट तळ्यात सोडलंत तर असलेला ऑक्सिजन आणखी पातळ कराल. दगडांवरून, पत्र्यावरून उडवत आणलं तर चालेल.

१२. मोरचूद टाकून शेवाळच मारून टाकलं तर?

शेवाळ मरेल. ते सगळं एकदम मरेल, एकदम कुजेल, आणि प्रश्न ३ मधला हिशेब तुम्ही स्वतःच्या हाताने दोन दिवसांत पूर्ण कराल. मोरचूद टाकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे मासे मेल्याचे फोन मला आले आहेत, आणि प्रत्येक वेळी दोष मोरचुदाच्या विषाला दिला जातो. तोही दोष खरा असू शकतो, कारण तांबं माशांना विषारी आहे आणि पाणी जितकं मृदू तितकं जास्त. टाकायचंच असेल तर मासेतज्ज्ञाला पाणी दाखवून मात्रा ठरवा, एका वेळी तळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भागात नको, मध्ये आठवडा-दहा दिवस जाऊ द्या, ढगाळ हवेत तर अजिबात नको. फॉस्फरस पाण्यातच राहतो, त्यामुळे हिरवेपणा परत येतो.

१३. काल हिरवं असलेलं पाणी आज आपोआप तपकिरी झालं. सुटलो ना?

नाही. बहर स्वतःच कोसळला आहे. मोरचुदाशिवाय घडलेला प्रश्न १२ समजा. पाणी राखाडी-तपकिरी होतं, फेस येतो, कुबट वास सुटतो. आता दिवसाही कमाई नाही, कारण कमावणारेच मेले. पुढचे तीन-चार दिवस पंप दिवसरात्र तयार ठेवा.

१४. यंदा आसपास कुणीच डीएपी टाकलं नाही, तरी तळं हिरवं. असं कसं?

जुनी शिल्लक. गेल्या अनेक पावसाळ्यांचा फॉस्फरस गाळात लोहाला बांधलेला असतो. तळाशी ऑक्सिजन आहे तोवर तो बांधलेलाच राहतो. ऑक्सिजन संपला की ती गाठ सुटते आणि फॉस्फरस पाण्यात येतो. म्हणजे एक बहर पुढच्या बहराची सोय करून जातो. उपाय मेहनतीचा आहे: मे महिन्यात तळं आटलं की गाळ काढून शेतात पसरा. तुमचंच खत तुम्हाला परत मिळतं.

१५. निर्माल्यामुळे होतं का हे?

निर्माल्य कुजताना ऑक्सिजन घेतं, म्हणून तळ्यात टाकू नये. पण एकरभर तळं हिरवं करायला फुलांच्या दोन टोपल्या पुरत नाहीत.

१६. ते पाणी गुरांना पाजावं का? मेलेले मासे खावेत का?

काठाशी हिरव्या ऑइलपेंटसारखी साय जमली असेल तर गुरांना आणि कुत्र्यांना तिथे जाऊ देऊ नका. ती बहुधा नीलहरित शेवाळाची असते. त्याच्या काही जाती यकृतावर घाला घालणारं विष बनवतात, आणि पाणी उकळून ते जात नाही. मासे पहाटे कधी मेले आणि कशाने मेले हे माहीत नसताना ते विकणं किंवा खाणं नको. काढून पुरून टाका, कारण पाण्यात राहिले तर तेही ऑक्सिजन खातात.

१७. पुढच्या पावसाळ्याआधी काय करता येईल?

खत फेकून देऊ नका, पेरणीयंत्राने बियाण्याखाली जमिनीत द्या. पृष्ठभागावर पडलेलं डीएपीच आधी वाहतं. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर खत दोन दिवस पुढे ढकला.

तळ्यात पाणी येतं त्या नाल्याच्या तोंडाशी गाळ बसायला एक छोटा खड्डा करा आणि काठावर काही मीटर रुंद गवताची पट्टी ठेवा. गाळाबरोबर येणारा फॉस्फरस त्यात बऱ्यापैकी अडतो, पाण्यात विरघळलेला मात्र सरळ पुढे जातो. त्यासाठी पेरणीनंतरच्या पहिल्या एक-दोन मोठ्या सरींचं पाणी आडव्या चारीने तळ्याबाहेर काढा आणि नंतरच्या पाण्याने तळं भरा. पाऊस कमी झाला तर तळं अर्धंच भरेल, हा सौदा आहे. माझे हातोदचे स्नेही अजून त्याला तयार नाहीत. त्यांनी मीटर मात्र विकत घेतला आहे.